मॅडमकडे कोर्स मागितला तेव्हा

कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे जाताना डाव्या हाताला हळदपावडरीचा जो कारखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी बारा वर्षांपासून आहे. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत ओलावा मोजायचं मशीन, चाळण्या, राख काढायची भट्टी. दुसरीत फ्रीज, नमुन्यांच्या पिशव्या आणि टेबलावर कापडाखाली झाकून ठेवलेलं एक महागडं मशीन. बारावी सायन्स झालो, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं आणि घरच्या शेतीमुळं सोडलं. या कामाला तेवढं शिक्षण पुरलं. माल आला की पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा, ओलावा बघायचा, चाळून बघायचा, रजिस्टरला लिहायचं.

हळदीत करक्युमिन किती आहे, म्हणजे तिचा पिवळेपणा किती, हे मात्र आमच्याकडे होत नव्हतं. त्यासाठी नमुने कुरियरनं हैदराबादच्या लॅबला जायचे. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागायचे आणि तोवर माल गोदामात पडून राहायचा. ते झाकलेलं मशीन त्याच कामासाठी घेतलेलं होतं. ते चालवायला एक एम.एस्सी. झालेला केमिस्ट आणला होता. तो चार महिन्यांत संभाजीनगरच्या कंपनीत गेला आणि मशीनवर कापड आलं.

दोन वर्षांपूर्वी नव्या मॅनेजर मॅडम आल्या. परभणीला फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या, वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला त्या भाऊ म्हणायच्या. कधी आवाज चढवायच्या नाहीत, तरी मला त्यांची भीती वाटायची. आधीच्या साहेबांकडे मी एकदा पगारवाढ मागितली होती. ते म्हणाले होते, गेटाबाहेर चार जण उभे आहेत. तेव्हापासून मॅनेजरच्या केबिनमध्ये काही मागायला जायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून लॅबमध्येच थांबायचो, मग खुर्चीवर कोणीही असो.

एका सोमवारच्या मीटिंगला मॅडमनी यंदाची दोन कामं सांगितली. आलेल्या मालाचा रिपोर्ट तीन दिवसांत हातात पाहिजे आणि बाहेरच्या लॅबचा खर्च कमी व्हायला पाहिजे. हेड ऑफिसनं त्यांच्याकडून हेच मागितलं होतं. मी मागच्या बाकावर होतो. ती दोन्ही कामं त्या कापडाखाली आहेत हे मला लगेच कळलं. दुसरी गोष्टही कळली. ही कामं करायला नवा केमिस्ट आला, की ओलावा आणि चाळणीसुद्धा तोच करील. मग माझं काय काम?

त्याच महिन्यात मशीनच्या सर्व्हिसिंगला इंजिनियर आला. त्यानं मशीनच्या आतला दिवा तपासला, कापड परत टाकलं आणि म्हणाला, "हे शिकायला केमिस्टच पाहिजे असं काही नाही. हैदराबादला पाच दिवसांचा कोर्स आहे, मसाल्यांच्या तपासणीचा. बारावी सायन्स आणि लॅबचा अनुभव असला की घेतात." त्यानं फोन नंबर दिला. मी तीन आठवडे तो शर्टाच्या खिशात बाळगला. शर्ट बदलला की नंबरही नव्या खिशात घालायचो.

शेवटी फोन केला. फी बावीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी. नांदेडहून रेल्वे, पाच दिवसांचं लॉज आणि जेवण धरून सगळे मिळून चौतीस हजारांच्या आसपास जात होते. स्वतःच्या खिशातून भरायची माझी ताकद नव्हती.

पहिला अर्ज मी घरी बसून लिहिला. मी बारा वर्षांपासून इमानेइतबारे सेवा करत आहे, माझी परिस्थिती सामान्य आहे, तरी मला कोर्सला पाठवण्याची कृपा करावी. बायकोनं तो वाचला. ती बचत गटाची सचिव आहे, बँकेकडे तिच्या सह्यांनी प्रस्ताव जातात.

"हे काय लिहिलं?" ती म्हणाली.

"काहून? अर्ज हाय."

"बँकेला आमी गरीब हाव म्हणून कधी लिहीत न्हाई. काय करणार, किती लागतील आन् त्यातून काय निघंल, हे लिहितो. तुमच्या मॅडमला तुमची परिस्थिती घेऊन काय करायचं? तिच्या अंगावर जे काम हाय ना, ते तुमच्यामुळं कसं होईल ते लिहा."

मी तो कागद फाडला. दुसऱ्या दिवसापासून नमुन्यांचं रजिस्टर काढून बसलो. वर्षभरात हैदराबादला एकशे चाळीस नमुने गेले होते. एका नमुन्याला चौदाशे रुपये. गुणाकार केला, एक लाख शहाण्णव हजार. तो आकडा बघून मला स्वतःलाच हुरूप आला. नवा अर्ज एका पानाचा झाला. वर मॅडमची दोन उद्दिष्टं त्यांच्याच शब्दांत, खाली कोर्समध्ये काय शिकवतात, मग खर्च चौतीस हजार, मग लिहिलं की यामुळं बाहेरच्या लॅबचे वर्षाचे एक लाख शहाण्णव हजार वाचतील आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळेल.

तो घेऊन मी चार दिवस केबिनच्या दारावरून ये-जा केली. दारातून मॅडमचं डोकं संगणकावर झुकलेलं दिसायचं. मी पुढं निघून जायचो. यानं आपलं अज्ञान लिहून दिलं असं तर त्यांना वाटणार नाही ना? बारा वर्षं लॅबमध्ये आहे आणि मशीन येत नाही, हे मीच सही करून सांगत होतो. पाचव्या दिवशी त्याच समोरून आल्या.

"काही काम होतं का भाऊ? रोज इथून जाऊन राहिलात."

मी कागद पुढं केला. त्यांनी उभ्याउभ्याच पहिल्या चार ओळी वाचल्या, तेवढ्यात फोन वाजला. "ठेवा, बघते," म्हणाल्या.

आठवडा गेला. मॅडम कोर्सबद्दल काही बोलल्या नाहीत. एकदा लॅबमध्ये आल्या, तेव्हा माझ्या हातातली चाळणी निसटून खाली पडली आणि पावडर फरशीवर सांडली. त्यांनी बघितलं आणि गेल्या.

पुढच्या गुरुवारी त्या एका तरुण माणसाला घेऊन आल्या. पंचवीस-सव्वीसचा असेल, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. "भाऊ, यांना मशीन दाखवा," मॅडम म्हणाल्या. मी कापड काढायला हात पुढं केला, पण त्यानंच ते उचललं. झाकण उघडलं, आत बघितलं, कोणत्या कंपनीचं आहे, दिवा किती तास चाललाय ते विचारलं. मला दिव्याचे तास माहीत नव्हते. तो माझ्याशी अदबीनं बोलत होता. त्या अदबीनंच मी जास्त घाबरलो.

ते दोघं केबिनमध्ये गेले. मी काचेचं भांडं धुत उभा राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मीच केलं. आजपर्यंत बाहेरच्या तपासणीत किती पैसे जातात हे कोणी मांडलं नव्हतं. मी ते एका पानावर सुबक अक्षरात मांडून दिलं. जवळपास दोन लाख वाचतात म्हटल्यावर केमिस्टचा पगार बराच निघतो, त्याला शिकवावं लागत नाही आणि तो उद्यापासून कामाला लागतो. माझ्या जागी दुसऱ्याला बसवायचं कारण मीच लिहून दिलं होतं.

घरी बायकोला सांगितलं नाही. सुटलीच नोकरी तर काय, याचा विचार करून राहिलो होतो. वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात बसावं का, औंढ्याला मेव्हण्याच्या दुकानात प्रसादाच्या पुड्या बांधाव्यात का. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नवीन काय जमेल, हे मी बोटांवर मोजत होतो.

शनिवारी आठवड्याचे नमुने पाठवायचे होते. प्रत्येक पिशवीसोबत कोणती तपासणी हवी त्याची चिठ्ठी लागते. चिठ्ठ्या भरता भरता माझा पेन थांबला. एका नमुन्याची तपासणी करक्युमिनची नव्हती, कीटकनाशकाचे अंश बघायचे होते. दुसऱ्याला शिसं. ते आमच्या मशीनवर होतच नाही. तिसरा बाहेरदेशी जायच्या मालाचा होता. तो माल घेणारा आमचा आकडा मान्यच करत नाही, त्याला मान्यताप्राप्त लॅबचा शिक्का लागतो. मी रजिस्टर परत काढलं आणि या वेळी तपासणीचा रकाना वाचत खाली गेलो. एकशे चाळीसपैकी चौपन्न नमुने कोर्स केला तरी बाहेरच जाणार होते. उरले शहाऐंशी. त्यातलाही दर दहावा नमुना पडताळणीला बाहेर पाठवावा लागतो, नाहीतर आपलं बरोबर आहे की चूक हे कळणार कसं? शिवाय अल्कोहोल, तुलनेला प्रमाण म्हणून लागणारी शुद्ध करक्युमिनची पावडर, मशीनचा दिवा, हा वर्षाचा खर्च मी धरलाच नव्हता.

हिशोब नव्यानं केला. नमुने पंचाहत्तर धरले. एक लाख पाच हजार वाचतात. त्यातून वीस हजार सामानाचे गेले की पंच्याऐंशी हजार राहतात. निम्म्यानंही नाही.

मी तो कागद समोर ठेवून बसलो. सांगितलं नाही तर कोणाला कळणार होतं? सांगितलं तर लॅबमधल्या माणसाला स्वतःचं रजिस्टर वाचता येत नाही, हे सिद्ध होणार होतं. पण न सांगता राहिलो, आणि वर्षानंतर कोणी विचारलं की दोन लाख कुठं आहेत, तर? ती भीती आजच्या भीतीहून मोठी निघाली. सोमवारी मीटिंगच्या आधी मी केबिनमध्ये गेलो. रजिस्टर काखेत धरून दार वाजवलं.

"मॅडम, माझ्या अर्जातला आकडा चुकला. तेवढे वाचत न्हाईत."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

मी नवा कागद ठेवला आणि रजिस्टर उघडून रकाना दाखवला. त्या बोटानं ओळी मोजत खाली गेल्या. चौपन्नचा आकडा पेनानं कागदाच्या कडेला लिहिला. मग पेन खाली ठेवला.

"भाऊ, हा आकडा मी पुढं पाठवलाय. हेड ऑफिसला. तुमच्या कागदावरून मी केमिस्टची जागा मागितली."

"माझी चूक हाय," एवढंच म्हणालो.

"तुमची आहे, आणि न तपासता पाठवला म्हणून माझीपण आहे." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आता मला त्यांना कळवावं लागेल. त्या आकड्यावर केमिस्ट बसत होता. या आकड्यावर त्याचा पगार निघत नाही."

मी उभाच होतो. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

"बसा. तुमचा कोर्स या आकड्यावर बसतो का ते बघू. मी विचारते, तुम्ही खरं सांगा. इंग्रजीत शिकवतील, जमेल का?"

"शिकवणारे हिंदीत बोलतात, मी फोन करून विचारलं. आपल्यासारखीच दखनी हिंदी हाय तिकडं. नोट्स इंग्रजीत असतात. त्या हळूहळू वाचतो, डिक्शनरी घेऊन. सगळं येईल असं म्हणत न्हाई."

"पाच दिवस ओलावा कोण बघणार?"

"पॅकिंगच्या सुपरवायझर ताईंना मी आधी पंधरा दिवस शिकवतो. आन् सीझनमध्ये जात न्हाई. पावसाळ्याच्या शेवटाला जातो, तेव्हा आवक कमी असते."

"शिकून आलात आणि आकडे चुकले तर?"

सुचलं ते बोललो. "पहिले दहा नमुने इथंबी करतो आन् हैदराबादलाबी पाठवतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहितो. जुळले न्हाईत तर बाहेरची तपासणी बंद करायची न्हाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि शिकून तुम्हीपण संभाजीनगरला गेलात तर?"

"माझं वय बघा मॅडम," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

"वय बघून हेड ऑफिस मानणार नाही. हमीपत्र लागेल. हे सगळं अर्जात घाला. चौपन्न नमुने बाहेरच जाणार हेही लिहा, लपवू नका. पहिल्या वर्षी खर्च जाऊन किती उरतात ते एका ओळीत पाहिजे. मी शिफारस करीन. मंजूर होईल असं सांगत नाही."

मी तिसरा अर्ज लिहिला. पंच्याऐंशी हजारांतून चौतीस हजार वजा केले की पहिल्या वर्षी एकावन्न हजार उरतात, ही ओळ शेवटी घातली. परत आल्यावर तपासणीची पद्धत मराठीत लिहून भिंतीला लावीन आणि आणखी एकाला शिकवीन, हेही घातलं. माणूस गेला तरी मशीन बंद पडू नये, हे मॅडमनीच सुचवलं. ते लिहिताना मन खात होतं. आपल्याशिवाय काम चालेल अशी सोय आपणच करून देत होतो.

उत्तर यायला एकवीस दिवस लागले. त्या दिवसांत तो तरुण परत आला नाही, पण येणार नाही असंही कोणी सांगितलं नाही. गेटाशी नवी मोटारसायकल दिसली की ती त्याची तर नाही ना, म्हणून मी नंबर वाचायचो.

मंजुरी आली ती पूर्ण नव्हती. फी आणि रेल्वे कंपनीची, पाच दिवस कामावर धरणार, लॉज आणि जेवण माझं. दीड वर्षाच्या आत नोकरी सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबानं फी परत भरायची. मॅडमनी हमीपत्र पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी नेऊन वाचा, उद्या सही करा." बायकोनं ते दोनदा वाचलं. "त्यांनी काढलं तर भरायचं का, हे लिहिलेलं न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तेच विचारलं. मॅडमनी हेड ऑफिसला फोन लावला. 'कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास' असे शब्द टाकून कागद नवा काढला. मग सही केली.

हैदराबादला आम्ही नऊ जण होतो. मी वयानं सगळ्यात मोठा. पहिल्या दिवशी कोणी काही विचारू नये म्हणून मी खांबाआड बसलो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपल्या हातानं हळदीचा रंग अल्कोहोलमध्ये उतरवायचा होता, तो गाळायचा होता, पातळ करून मशीनमध्ये ठेवायचा होता. वजन करणं, गाळणं हे मी बारा वर्षं करत होतो. तिथं अडलो नाही. पुढचं गणित मात्र तीनदा चुकलं. शिकवणाऱ्यांनी तीनदा सांगितलं आणि मी वहीत मराठीत उतरवून घेतलं.

परत आल्यावर दहा नमुने केले. हैदराबादचे रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस केबिनबाहेरच्या त्या चार दिवसांसारखेच गेले. रिपोर्ट आले तेव्हा मॅडम आणि मी दोघांनी दोन कागद शेजारी ठेवले. आठ जुळत होते. दोन माझ्याकडे कमी आले होते. दोन कमी काहून, असं मॅडमनी विचारलं. मी वही काढून बघितली. त्या दोन नमुन्यांची पावडर मी नीट बारीक केली नव्हती, जाड कणांतून रंग पुरता उतरला नव्हता. ते दोन नमुने परत दळले, परत केले. एक जुळला. दुसरा अजूनही थोडा कमी होता.

"नऊ," मॅडम म्हणाल्या. "दहाव्याचं कारण सापडेपर्यंत दर आठवड्याला एक नमुना इथंही करायचा आणि हैदराबादलाही पाठवायचा. जमेल?"

"व्हय, जमेल."

त्यांनी हेड ऑफिसला तसंच कळवलं, दहापैकी नऊ. पत्राची प्रत मला दाखवली. केमिस्टच्या जागेबद्दल खाली एक ओळ होती. जागा रद्द झालेली नव्हती, पुढच्या सीझनपर्यंत थांबवली होती.

मी ती ओळ दोनदा वाचली. मॅडमनी प्रत परत घेऊन फाईलला लावली. लॅबमध्ये आलो. पॅकिंगच्या ताई ओलाव्याचं रजिस्टर घेऊन थांबल्या होत्या, त्यांना आता करक्युमिनचं मशीन शिकायचं होतं. मी त्यांना आधी वजन कसं करायचं ते दाखवायला सुरुवात केली.